राखीव भाव

काल रात्री पुण्याच्या गिऱ्हाइकाचा मेसेज आला. "घड्याळ मिळालं सर, झकास आहे. मी 5,000 पर्यंत लावून ठेवले होते, 2,500लाच पडलं!" खाली डोळा मारणारा पिवळा चेहरा. तेव्हापासून मी तो मेसेज नऊ वेळा वाचलाय, आणि दरवेळी तो चेहरा जास्तच डोळा मारतो.

घड्याळ म्हणजे एचएमटी पायलट. काळी तबकडी, रोज चावी द्यायची. मामांनी दिलेली दोन होती, त्यातलं एक ऑनलाइन लिलावात काढलं. ह्या मॉडेलच्या तबकड्या सर्रास नव्याने रंगवलेल्या असतात, माझी मूळची होती. भिंगाखाली अक्षरांच्या कडा धारदार दिसत आणि आकड्यांवरचा चकाकणारा लेप जुन्या लोण्यासारखा पिवळा पडलेला. तो घासून स्वच्छ करायला मी निघालोच होतो. सांगलीतल्या घड्याळजींनी हात धरला म्हणून वाचलो. तो पिवळेपणा हीच त्याची किंमत.

आता सुरुवातीची बोली किती आणि राखीव किंमत किती? राखीव म्हणजे गिऱ्हाइकाला न दिसणारा आकडा. बोली तिथवर गेली नाही तर माल आपल्याकडेच राहतो. मी इतरांनी लावलेल्या किमती बघितल्या: 6,000, 7,000. खरं तर विकून झालेल्यांचे भाव बघायचे असतात, ते 2,000 ते 3,500 होते. पण मला 6,000च आवडले. तडजोड म्हणून राखीव 4,000 ठेवली आणि सुरुवात 99.

हे सगळं कट्ट्यावर बोललो, ही दुसरी चूक. तिथे अण्णा असतात. जन्म बेदाण्याच्या अडतीत गेला, हल्ली निवृत्त. सल्ला मात्र चालू.

"गुपित आकडा?" अण्णा म्हणाले. "हात द्या हिकडं."

मी दिला. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर टाकला आणि आतून माझी तीन बोटं करकचून दाबली. समोरचा चहावाला कप धुवायचा थांबला.

"काय समजलात?"

"दुखलं."

"आवो, ह्यो भाव झाला! खरसुंडीच्या बाजारात बैल असाच जायचा. बघणाऱ्याला कळायचं न्हाई, पर ज्याची बोटं त्याला तरी कळायचं. तुमच्या मोबाईलात कुणाची बोटं दाबायची?"

मी समजावलं, की सौद्यात भाव पटला नाही तर बागायतदार पेट्या परत नेतो, तसंच हे. फक्त नकार आधी लिहून ठेवायचा. अण्णांना ते पटलं नाही. मूठभर बेदाणा उधळल्याशिवाय गिऱ्हाईक तापत नाही, असं त्यांचं मत. घड्याळ उधळता येत नाही म्हटल्यावर ते नाराज झाले. मग पुतण्याच्या मोबाईलवरून स्वतः खोटी बोली चढवायला निघाले. ते नियमात बसत नाही, हे मी सांगितलं. अण्णांना थांबता येत नाही आणि माझंच घड्याळ माझ्याच गल्लीत परत येईल, हे नाही सांगितलं.

पहिल्या फेरीत 99 बघून माणसं आली. चौदा बोली, 2,650 पर्यंत. पण खाली सारखी ओळ झळकत होती, राखीव किंमत गाठलेली नाही. ती वाचली की गिऱ्हाइकाला वाटतं, मालक हावरट आहे, आणि ते दुसऱ्या घड्याळाकडे वळतं. माल परत. राखीव किमतीची फी मात्र गेली ती गेलीच. माल न विकल्याबद्दल पैसे घेणारा धंदा मी प्रथमच पाहिला.

"2,650 देणारा हाय की!" अण्णा म्हणाले. "2,500पासून धरा, आन् ते राखीव काढून टाका."

ऐकलं. आणि इथे मेलो. ते बोली लावणारे 99ला बघून शिरले होते, मग एकमेकांच्या इरेला पडून चढले. 2,500च्या दाराशी त्यातला एकही फिरकला नाही. आला तो एकटा पुणेकर. तिथे गिऱ्हाईक आपला कमाल आकडा भरून ठेवतं. दुसरा कोणी चढला तरच यंत्र त्याच्या वतीने पायरी-पायरीने वर जातं. दुसरा नसेल तर यंत्र जागचं हलत नाही. त्याचे 5,000 तिथे पडून होते आणि माल गेला सुरुवातीच्या बोलीला. पहिल्यासारखी 4,000ची राखीव असती, तर त्याच एकट्याची बोली यंत्राने थेट 4,000वर नेली असती. म्हणजे दीड हजाराला मी बुडालो, तेही फीचे पैसे वाचवताना.

अण्णांना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग दुसरा गडी उभा करतो म्हणत होतो, तवा का न्हाई म्हणालात?"

आज सकाळी पुणेकराचा आणखी एक मेसेज. पट्टा जुना आहे, त्याचे 150 परत मिळतील का?