चाळीस रेकॉर्डर आणि तीन सूर

बासरी शिकवणाऱ्या गुरुजींचा मला मनापासून हेवा वाटतो. बासरीवर आडवी फुंकर कोणत्या कोनातून मारावी हे विद्यार्थ्याच्या ओठांना उमगेपर्यंत पुष्कळ काळ जातो, आणि तेवढा काळ त्यांच्या वर्गात केवळ ‘फूऽ’ असा सात्त्विक आवाज येत असतो. रेकॉर्डर या वाद्यात ती सोय नाही. त्याच्या मुखाशी हवेसाठी एक अरुंद फट असते, ती फुंकर थेट समोरच्या खिडकीच्या धारेवर नेऊन आदळवते, आणि त्यामुळे कोणीही, कशीही फुंकर मारली तरी सूर निघतो. वाद्य तयार करणाऱ्यांनी ही सोय नवशिक्यांच्या भल्यासाठी केली असेल. पुण्यातल्या एका शाळेच्या इयत्ता चौथीच्या वर्गात, चाळीस प्लॅस्टिकच्या वाद्यांसह उभे राहण्याचा प्रसंग त्यांच्यावर आलेला नसावा.

त्यामुळे माझे निम्मे अध्यापन वाजवण्याचे नसून न वाजवण्याचे असते. ‘हनुवटीवर!’ अशी आज्ञा झाली की मुलांनी वाद्याचे तोंड ओठांऐवजी हनुवटीला टेकवायचे आणि बोटांच्या हालचाली मुकाट्याने करायच्या. या एका युक्तीवर माझी नोकरी आणि शेजारच्या वर्गात अपूर्णांक शिकवणाऱ्या बाईंशी असलेला माझा स्नेह, हे दोन्ही टिकून आहेत.

आरंभी आम्ही तीनच सूर घेतो. डावा हात वर. मागच्या छिद्रावर अंगठा आणि पुढच्या पहिल्या छिद्रावर तर्जनी ठेवली की इंग्रजी ‘बी’ वाजतो. मधले बोट टेकवले की ‘ए’, आणि अनामिका टेकवली की ‘जी’. वर्गातील काही मुले संध्याकाळी हार्मोनियम शिकायला जातात, म्हणून मी पांढरी पाच हा षड्ज धरते आणि या तिघांना सरळ ग, रे, सा म्हणते. उजव्या हाताला या टप्प्यावर वाद्य खालून सावरण्यापलीकडे काम नसते. मात्र रिकामा हात ही चौथीच्या मुलाला सोसणारी अवस्था नव्हे, त्यामुळे तो हात हळूहळू वर चढतो आणि डाव्याला हुसकावून लावतो. तीन सुरांपुरते हे चालूनही जाते. पण रेकॉर्डरचे सर्वांत खालचे छिद्र उजव्या करंगळीच्या सोयीने बसवलेले असते, आणि पुढे तिथे पोहोचल्यावर उलट्या हातांची सवय मोडताना मुलाचे व माझे, दोघांचेही डोळे भरून येतात.

फुंकरीसाठी मी चष्मा काढून दाखवते. काच पुसण्यापूर्वी तिच्यावर आपण जेवढी वाफ सोडतो, तेवढाच श्वास ‘सा’ला पुरतो. त्याहून जोर लावला की सूर आधी चढा होतो आणि आणखी जोर लावला की उडी मारून वरच्या सप्तकात जातो. मुलांना मात्र जोर हाच उत्साहाचा पुरावा वाटतो. शिवाय चाळीस जणांचे चाळीस जोर असल्यामुळे आमच्या वर्गात ‘सा’ हा एक सूर नसून एक विस्तीर्ण प्रदेश आहे. त्यातच अर्धा वर्ग ‘ग’वर रेंगाळला आणि अर्धा ‘रे’वर उतरला, तर आणखी एक चमत्कार घडतो. या छोट्या रेकॉर्डरचा ‘ग’ सेकंदाला सुमारे ९८८ कंपनांचा आणि ‘रे’ ८८० कंपनांचा असतो. ते दोन्ही जोराने कानावर आदळले की त्यांच्यातील फरकाचा, म्हणजे सुमारे १०८ कंपनांचा, कोणीही न वाजवलेला तिसरा सूर कानातच भुंग्यासारखा गुणगुणू लागतो. हा त्रास मानसिक नसून भौतिकशास्त्रीय आहे, हे मी घरी अनेकदा समजावून सांगितले आहे.

यानंतर येते जीभ. प्रत्येक सूर श्वासाच्या धक्क्याने नव्हे, तर जिभेच्या हलक्या स्पर्शाने सुरू व्हायला हवा; श्वास अखंड वाहत राहतो आणि जिभेचे टोक वरच्या दातांमागे अलगद टेकून त्याला क्षणभर अडवते व लगेच सोडते. वाद्य हातात न देता मी प्रथम ‘दू, दू, दू’ असे कुजबुजायला लावते. ही अक्षरे काही माझ्या मनची नाहीत. गानास्सी या इटालियन वादकाने व्हेनिसमध्ये १५३५ साली छापलेल्या ग्रंथात रेकॉर्डरसाठी ‘तेके’, ‘तेरे’, ‘लेरे’ अशा जिभेच्या बोलांच्या जोड्या सांगून ठेवल्या आहेत. माझ्या वर्गाने त्यांत मोलाची भर घातली आहे. काही मुले ‘हू’ म्हणतात. त्यांचा प्रत्येक सूर खालून घसटत वर येतो आणि दर सुराला खांदे उडतात, म्हणून ती दुरूनही ओळखू येतात. काही मुले प्रामाणिकपणे मोठ्याने ‘दू’ म्हणतात, तेव्हा वाद्यातून सुराबरोबर एक गुरगुरही ऐकू येते. आणि तिसरा, बहुसंख्य पंथ ‘थू’चा आहे. ‘टीचर, हा थुंकतोय’ ही तक्रार आल्यावर मी चौकशी केली असता आरोपीने ‘मी वाजवतोय’ असा खुलासा केला, आणि दोन्ही विधाने खरी असल्यामुळे मला निवाडा देता आला नाही.

परंतु खरी कसोटी छिद्रांची आहे. मुले बोटांची टोके उभी रोवतात. खरे तर टोकामागचा मांसल भाग आडवा टेकवायचा असतो. हवा कुठून गळते हे मी आता ऐकूनच ओळखू लागले आहे. सर्वांत खालच्या बोटाखाली गळती असेल तर सूर नुसता चढा आणि भोंगळ लागतो. वरच्या बोटाखाली किंवा अंगठ्याखाली असेल तर वाद्य किंचाळते. वरच्या सप्तकासाठी मोठे वादक अंगठ्याचे छिद्र मुद्दामच किंचित उघडतात. आमची मुले ते नकळत साधतात, एवढाच भेद.

पहिल्या बाकावरच्या एका मुलीचा ‘ग’ स्वच्छ, ‘रे’ स्वच्छ, पण ‘सा’ला अशी किंचाळी की वर्गाबाहेरचा शिपाई आत डोकावला. ती बिचारी प्रत्येक वेळी अनामिका अधिकाधिक जोराने दाबत होती. मी तिला म्हटले, ‘बोटे तशीच घट्ट दाब, मग उचल आणि मला दाखव.’ छिद्राची कड बोटावर उमटते. पूर्ण वर्तुळ उमटले तर छिद्र पूर्ण झाकलेले, चंद्रकोर उमटली तर गळती. अनामिकेवर पूर्ण वर्तुळ होते आणि मधल्या बोटावरही. चंद्रकोर होती ती तर्जनीवर! अनामिका छिद्रापर्यंत पोहोचावी म्हणून पंजा खाली वळत होता आणि सुरुवातीपासून नीट बसलेली तर्जनी त्याबरोबर ओढली जाऊन कडेने उघडी पडत होती. दाबल्याने काहीच साधणार नव्हते. मी तिचे कोपर अंगापासून थोडे दूर नेले, मनगट सैल केले, बोटे आडवी पसरवली आणि चष्म्यावरच्या वाफेची आठवण करून दिली. ‘सा’ लागला. तिचे पाहून सगळा वर्ग वर्तुळे मोजू लागला, आणि तेवढी पाच मिनिटे वर्गात संपूर्ण शांतता होती, हा या चाचणीचा दुय्यम पण अमूल्य लाभ आहे.

यथावकाश ‘ग रे सा’ ही ओळ पूर्ण वर्गाने, एका श्वासात, तीन वेगळ्या ‘दू’ंसह वाजवली. मी भारावून जाऊन ती घरी रोज दहा वेळा वाजवण्याचा गृहपाठ दिला. दुसऱ्या दिवशी एका डायरीत पालकांची सुवाच्य अक्षरांतील चिठ्ठी होती: ‘स. न. वि. वि. यापुढील संगीताचा गृहपाठ कृपया लेखी स्वरूपात द्यावा, किंवा हनुवटीवर.’