खुलासा: पेपरात आकडे लिहायचे की अक्षरं?

‘भाषेच्या पेपरात आकडा लिहिला की मार्क कापतात, सगळं अक्षरी लिहायचं, असा मेसेज फिरतोय. खरं आहे का?’

नाही. तारीख, सन आणि एककासह येणारं माप अंकांतच लिहावं. ‘अठराशे त्रेपन्न’ लिहिताना जोडाक्षर चुकतं आणि वेळही जातो.

मुंबईच्या पहिल्या रेल्वेवरचं हे वाक्य पाहा: ‘१८५३ साली १६ एप्रिलला १४ डब्यांची १ गाडी ३४ किमीवरच्या ठाण्याला गेली.’ इथे सगळ्यात जास्त खटकतो तो ‘१’. ‘एक गाडी’ ही मोजणी नाही, ‘कुठलीशी’ या अर्थाचं विशेषण आहे, म्हणून ते अक्षरीच हवं. वाक्याची सुरुवातही अंकाने नको. म्हणून असं लिहा: ‘दिनांक १६ एप्रिल १८५३ रोजी १४ डब्यांची एक गाडी बोरीबंदरहून सुमारे ३४ किमी अंतरावरील ठाण्याला गेली.’

‘दोघी’, ‘पाच-सहा’, ‘शंभरेक’ हेही अक्षरीच. ‘२ घी’ कुणी वाचूच शकत नाही.

मार्क खरोखर जातात ते देवनागरी आणि इंग्रजी अंक मिसळल्यामुळे. देवनागरी १ आणि इंग्रजी नऊ हाताने लिहिल्यावर सारखेच दिसतात. एका उत्तरपत्रिकेत एकच लिपी ठेवा.