‘ऑइल ९० च्या पुढे गेलेलं नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : “ओव्हरलोडवरचा तुमचा लेख वाचला. लोकांना उगाच घाबरवायचे धंदे आहेत. आमचा ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर नऊ वर्षं दोन शिफ्ट १३० टक्के लोडवर चालतोय, काही झालेलं नाही. ऑइलचं तापमान भर उन्हाळ्यातसुद्धा ९० च्या पुढे गेलेलं नाही, अलार्म ९५ ला आहे. दरवर्षी फिल्टर करतो, बीडीव्ही ६० येतो. आयईसी दीडपट लोडला परवानगी देते. आणि बडोद्यात बारा महिने मे नसतो. पुस्तकं वाचून लिहिणं सोपं असतं. – एक मेंटेनन्सवाला”

मेंटेनन्सवाले साहेब,

नाव न लिहिता लिहिलंत, तो तुमचा हक्क आहे. पण ‘धंदे’ आणि ‘पुस्तकं वाचून’ हे दोन शब्द मला लागले, ते आधी सांगून टाकतो. माझी उमेदीची वर्षं बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या रिवाइंडिंगच्या शेडमध्ये गेली, जळलेले ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळण्यात. जळलेल्या कॉइली उलगडताना कागदाची काजळी नखांत बसते आणि साबणाने जात नाही. पुस्तकं मी नंतर वाचली, कारण जे हाताला लागत होतं त्याचं कारण कळत नव्हतं. माझ्या लेखात हिशोब चुकला असेल तर दाखवा, मी दुरुस्त करीन. हेतूवर शिंतोडे उडवायचं काही कारण नव्हतं.

आता तुमचं ९० चं वाक्य. तुमच्या साऱ्या प्रतिक्रियेचा डोलारा त्याच्यावर उभा आहे, म्हणून त्याच्यावरच बोलतो.

नेमप्लेटवर तापमानवाढ किती आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. पण ते ओळखता येतं. प्लेटवर ऑइल ५०, वाइंडिंग ५५ असतं तर १३० टक्क्यांना ऑइल हवेपेक्षा ७२ अंशांनी वर गेलं असतं आणि तुमचा अलार्म कधीच बोंबलला असता. म्हणजे तुमचा ४०/४५ चा असणार. तोच धरू. पूर्ण लोडला ऑइल हवेच्या वर ४०. लोड १.३ पट केला की कॉपर लॉस १.६९ पट होतो, कोरचा लॉस आहे तिथेच राहतो. या मापाच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये कॉपर लॉस कोरच्या साधारण सहापट धरला तर एकूण लॉस सुमारे १.६ पट होतो. ऑइलची वाढ त्याच्यापेक्षा थोडी कमी, ०.८ च्या घाताने होते. ४० चे ५८ होतात. हवा ३२ धरली तर ऑइल ९०. तुमचा आकडा आला. मी तो नाकारत नाही, उलट त्याच्यावरूनच पुढे जातोय.

(एक गोष्ट मात्र तपासा. मे महिन्यात दुपारी बाहेर ४० असताना हाच हिशोब ऑइल ९८ दाखवतो. अलार्म वाजायला हवा होता. नऊ वर्षांत वाजला नसेल तर एक तर दुपारी लोड १३० नसतो, नाही तर ऑइलचं तापमान दाखवणारा ओटीआय कमी दाखवतोय. टाकीच्या वरच्या ज्या पॉकेटमध्ये त्याचा बल्ब बसतो त्यात ऑइल भरलेलं आहे का ते बघा. पॉकेट कोरडं असेल तर काटा निवांत खालीच राहतो.)

तर ऑइल ९०. पण ते टाकीच्या माथ्यावरचं ऑइल आहे. ट्रान्सफॉर्मरचं आयुष्य ठरवणारा इन्सुलेशनचा कागद तिथे नाही, तो तांब्यावर गुंडाळलेला आहे, आणि तांबं ऑइलपेक्षा गरम असतं. किती, तेही तुमच्याच प्लेटवरून काढतो. वाइंडिंगची सरासरी वाढ ४५. माथ्याला ४० असलेल्या ऑइलची सरासरी वाढ सुमारे ३२. फरक १३. कॉइलच्या वरच्या टोकाला, जिथे ऑइल आधीच तापून आलेलं असतं आणि विखुरलेल्या फ्लक्समुळे जास्तीचे एडी लॉस होतात, तिथे हा फरक १.१ पट धरतात. म्हणजे सव्वाचौदा. हा झाला पूर्ण लोडचा आकडा. आणि हा फरक लोडबरोबर ऑइलपेक्षा जोरात वाढतो, १.६ च्या घाताने. १३० टक्क्यांना तो जवळजवळ २२ होतो.

९० आणि २२, एकशे बारा. हा तुमचा हॉट स्पॉट. ओटीआयला याचा पत्ताच नाही, कारण त्याचा बल्ब ऑइलमध्ये आहे. बरं, लोड चढला की तांब्याचा हा फरक काही मिनिटांत तयार होतो आणि ऑइलला तापायला तास लागतात. सकाळी शिफ्ट सुरू झाल्यावर पहिल्या तासात काटा बघून ‘थंड आहे’ म्हणणं त्यामुळेच फसवं असतं. मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर वाइंडिंगचं तापमान दाखवणारा डब्ल्यूटीआय असतो. तोसुद्धा तांब्याला शिवत नाही, बल्बाभोवतीच्या हीटरला सीटीचा करंट देऊन तांब्याच्या उष्णतेची नक्कल करतो. तुमच्या ५०० केव्हीएवर तोही बहुधा नसेल.

११२ म्हणजे काय? साध्या क्राफ्ट कागदासाठी ९८ हा संदर्भ-बिंदू आहे. तिथे एक तास चालवलं की आयुष्याचा एक तास जातो. त्याच्यावर दर सहा अंशांना झीज दुप्पट, खाली दर सहा अंशांना निम्मी. ११२ हे ९८ च्या वर चौदा अंश, म्हणजे पाचपट झीज. दोन शिफ्टचे सोळा तास, त्यातले पहिले चार ऑइल तापण्यात गेले म्हणून सोडून देतो. उरलेले बारा तास पाचपटीने : दिवसाच्या चोवीस तासांत कागदाचे साठ तास संपले.

‘मार्जिन असतं’ असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण तुमच्या नऊ वर्षांच्या मागे तेच आहे, आणि ते खरं आहे. तुमचा ४०/४५ चा ट्रान्सफॉर्मर ३२ अंशांच्या हवेत पूर्ण लोडवर फक्त ८६ ला असतो. म्हणजे ९८ च्या बारा अंश खाली, एक चतुर्थांश झीजेवर. ही शिल्लक तुम्हाला मोफत मिळालेली आहे आणि ती सुमारे ११५ टक्के लोडला संपते. ११५ वर मी तुमच्याशी वाद घातला नसता. वाद ११५ ते १३० या पंधरा टक्क्यांचा आहे, आणि झीज एकाची पाच तेवढ्यातच होते.

मे बारा महिने नसतो, हे मान्य. जानेवारीत रात्री हवा १८ असेल तर हाच लोड हॉट स्पॉटला बरोबर ९८ वर ठेवतो, आणि तेव्हा तुमचे बारा तास बाराच राहतात. हा मुद्दा तुमचा बरोबर आहे. पण हिशोब इथेही सरासरीने मिटत नाही, कारण झीज तापमानासोबत सरळ रेषेत चालत नाही. त्या ३२ अंशांच्या दिवसाचे साठ आणि या हिवाळी दिवसाचे बारा मिळून दोन दिवसांत बहात्तर तास गेले, आणि घड्याळाचे झाले अठ्ठेचाळीस. तापमानाची सरासरी काढून सूत्रात टाकली की नुकसान कमीच दिसतं. आधी तासागणिक झीज काढायची, मग बेरीज करायची.

आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकाची परवानगी तुम्ही अर्धीच वाचलीत. दीडपट करंट हा आकडा तिथे आहे, पण त्याच ओळीत हॉट स्पॉट १२० आणि ऑइल १०५ या मर्यादा आहेत, आणि ते सगळं दिवसाच्या चढउताराच्या लोडसाठी आहे. रात्री निम्म्या लोडवर थंड झालेला ट्रान्सफॉर्मर संध्याकाळी दोन तास १४० वर गेला तर मीही काही म्हणणार नाही. तिथे दिवसाची बेरीज चोवीसच्या आतच राहते. सोळा तास सपाट १३० म्हणजे चढउतार नव्हे.

उष्णता सहन करणारा सुधारित कागद असेल तर संदर्भ ९८ ऐवजी ११० होतो आणि तुमचा ११२ जवळजवळ निर्धास्त ठरतो. उत्पादकाकडून तसं लेखी आणा, मी आनंदाने माघार घेईन. मी उघडलेल्या या मापाच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये मला साधा क्राफ्टच दिसला आहे.

‘काही झालेलं नाही’. साहेब, ऑइलमध्ये बुडालेला म्हातारा कागदसुद्धा व्होल्टेज धरून ठेवतो, म्हणून काही होत नाही. जाते ती त्याची ताकद. नव्या कागदाच्या सेल्युलोजच्या साखळीत साधारण हजार कड्या असतात, दोनशेवर आल्या की कागद संपला असं धरतात. आमच्याकडे एक असाच ‘काल रात्रीपर्यंत मस्त चालत होता’ म्हणून आला होता. एलटी पॅनलच्या केबलमध्ये शॉर्ट झालं, त्या धक्क्याने कॉइल हलली आणि कागद फाटला. टाकीतून बाहेर काढल्यावर कॉइलच्या खालच्या भागाचा कागद फिकट पिवळा, सोलला तर पट्टी निघत होती. वरच्या हातभर भागाचा कागद कॉफीच्या रंगाचा, चिमटीत धरला की चुरा. एकाच कॉइलवर, एकाच ऑइलमध्ये. त्या ऑइलचा बीडीव्ही, म्हणजे ते किती व्होल्टेज सहन करतं तो आकडा, महिन्यापूर्वीच उत्तम आला होता, रिपोर्ट मालकांनी सोबत आणला होता.

म्हणूनच तुमच्या ६० बद्दल मला काही म्हणायचं नाही. बीडीव्ही ऑइलबद्दल बोलतो. कागदाबद्दल ऑइलमधला फुरान बोलतो : कागद तुटताना २-फुरफुरॅल सुटतं आणि ऑइलमध्ये उतरतं. साध्या क्राफ्टला १ पीपीएम आलं तर कड्या सव्वाचारशेच्या आसपास, ५ आलं तर सव्वादोनशे, म्हणजे शेवट जवळ. मात्र दरवर्षीच्या फिल्टरमध्ये, त्यातही फुलर्स अर्थ ही शोषक माती वापरत असाल तर, हा पुरावा धुऊन जातो. फिल्टरनंतर लगेच नमुना घेऊन ‘फुरान शून्य’ असं इथे लिहू नका, मी ते मानणार नाही.

नमुना फिल्टरच्या आधी घ्या, ऑइल गरम असताना, खालच्या सॅम्पलिंग व्हॉल्व्हमधून थोडं वाहू देऊन. मकरपुऱ्यातल्या इर्डाच्या प्रयोगशाळेत पाठवा. सोबत गेल्या मे महिन्यातल्या एका दिवसाचा तासागणिक लोड आणि प्लेटचा फोटो द्या. हिशोब पुन्हा करतो आणि तुमचा अहवाल आकड्यासकट याच लेखाखाली छापतो, माझ्याविरुद्ध गेला तरी. ‘धंदे’ हा शब्द पुन्हा आला, तर मात्र ती प्रतिक्रिया छापली जाणार नाही.