‘दुकान’ म्हणालात, म्हणून हे लांबलेलं उत्तर

भजनी मंडळांनी यूट्यूबवर आरत्यांच्या व्हिडिओंवर जाहिरात घेऊ नये, निरूपणावर घेतली तर चालेल आणि आलेल्या पैशांचा हिशेब भक्तांना द्यावा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर आलेली प्रतिक्रिया:

“देवाच्या नावावर दुकान मांडायला शिकवताय, एवढंच कळलं. आरतीवर जाहिरात नको पण निरूपणावर चालेल, हा कुठला न्याय? नको असेल तर बटण बंद ठेवा, विषय संपला. ‘फक्त शेवटी जाहिरात’ असा तुम्ही सांगितलेला पर्याय तर मला कुठे सापडलाच नाही. आणि भक्तांना हिशेब देण्याचं नाटक राहू द्या. – एक भजनप्रेमी, विलेपार्ले”

नमस्कार.

आधी ‘दुकान’. दादरच्या फुलबाजारात हार फुकट मिळत नाही. गुरुजी दक्षिणा घेतात, तबलजीला बिदागी द्यावीच लागते, मांडववाला तर आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय एक बांबू रोवत नाही. त्यांना कुणी दुकान म्हणत नाही. तोच तबला मोबाइलवर ऐकू आला की मात्र दुकान दिसतं. असो. शब्द तुमचा, तुम्हाला लखलाभ. पण दोन-चार सभ्य शब्दांत हेच विचारता आलं असतं, एवढं म्हणून पुढे जातो.

एक गोष्ट मान्य. ‘फक्त शेवटी जाहिरात’ हा पर्याय आता नाही. नोव्हेंबर 2023 पासून नव्या व्हिडिओंना सुरुवातीची, शेवटची, वगळता येणारी, न वगळता येणारी अशी निवड करता येत नाही. जाहिरात सुरू केली की यातलं काय दाखवायचं ते यूट्यूब ठरवतं. आपल्या हातात उरली ती फक्त मधली जाहिरात. मी जुन्या आठवणीवर लिहिलं, ती चूक माझी.

आता तुमचं जाहिरात चालू-बंद करायचं बटण. दोन शब्दांत विषय संपवलात, म्हणून त्यावर जरा सविस्तर. गेली काही वर्षं मी मुंबईतल्या भजनी मंडळांचे चॅनल सांभाळतोय, आणि बटण बंद ठेवून विषय संपलेला अजून पाहिलेला नाही.

यूट्यूबच्या भागीदारी कार्यक्रमात जाहिरातीचा वाटा मिळवायचा तर 1,000 सदस्य आणि गेल्या 12 महिन्यांत 4,000 तास पाहणं लागतं. (छोट्या व्हिडिओंचा निकष वेगळा, तो इथे सोडून देतो.) तुमच्या मंडळाने हे गाठलंच नसेल तर बटणच नाही. पण बटण नाही म्हणजे जाहिरात नाही, असं मुळीच नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये अमेरिकेत आणि जून 2021 मध्ये इतरत्र लागू झालेल्या अटींनुसार चॅनलवरच्या कुठल्याही मजकुरातून कमाई करण्याचा हक्क यूट्यूबकडे आहे. कार्यक्रमाबाहेरच्या चॅनलवर त्या जाहिराती दिसतात आणि चॅनलवाल्याला एक पैसा मिळत नाही. म्हणजे ज्या मंडळाने ‘आम्ही जाहिरात घेत नाही’ असं अभिमानाने लिहिलंय, त्याच्याही काकड आरतीआधी कर्जाच्या अ‍ॅपची जाहिरात वाजू शकते. ऐकणारा शिव्या मंडळालाच घालतो.

जाहिरात आत शिरण्याचा दुसरा दरवाजा हक्कांचा, आणि भजनाच्या बाबतीत हाच जास्त त्रासाचा. ‘सुखकर्ता दुखहर्ता’ रामदासांची, तिच्या शब्दांवर आज कुणाचा मालकी हक्क नाही. पण एखाद्या कंपनीने काढलेल्या ध्वनिमुद्रणावर तिचा हक्क असतो, आणि आपल्याकडे तो प्रसिद्धीपासून 60 वर्षं चालतो. विसाव्या शतकात कुणी बांधलेल्या चालीवर तर संगीतकाराच्या हयातीनंतरही 60 वर्षं. तुम्ही व्हिडिओत मागे तेच ध्वनिमुद्रण वाजवलंत, की कंटेंट आयडी, म्हणजे हक्काचे आवाज जुळवून पाहणारी यूट्यूबची यंत्रणा, ते ओळखते आणि हक्कदाराचा दावा लागतो. दावेदाराने ‘कमाई’ निवडली तर तुमच्या व्हिडिओवर जाहिरात लागते आणि पैसे दावेदाराला जातात. तुमचं बटण बंद असलं तरी.

हे ओळखायचं कसं? यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनल सांभाळायच्या पानावर, व्हिडिओंच्या यादीत निर्बंधांच्या रकान्यात ‘कॉपीराइट’ दिसतं. तो दावा असतो, स्ट्राइक म्हणजे चॅनलवर लागणारा दंडाचा ठपका नव्हे, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. त्यावर क्लिक केलं की कुठल्या मिनिटापासून कुठल्या मिनिटापर्यंत काय सापडलं ते कळतं. तेवढाच तुकडा कापता येतो किंवा त्याचा आवाज काढून टाकता येतो. आवाज तुमचा, चाल पारंपरिक, आणि सापडलाय तो तानपुऱ्याच्या अ‍ॅपमधला किंवा बाजारातून घेतलेला तालाचा तुकडा, असं असेल तर वाद घालता येतो. दावेदाराला उत्तरासाठी 30 दिवस असतात. पण वाद घालायचा तो खात्री असेल तरच. चूक तुमची निघाली आणि दावेदाराने व्हिडिओ उतरवण्याची मागणी केली, तर तिथे मात्र स्ट्राइक लागतो.

तर साहेब, विषय इथे संपत नाही, सुरू होतो.

राहिला ‘कुठला न्याय’. मी न्याय पवित्र-अपवित्राचा लावलेलाच नव्हता, तो तुम्ही माझ्या तोंडी घातलात. माझा निकष साधा आहे: व्हिडिओ चालू असताना ऐकणाऱ्याचे हात मोकळे आहेत का?

22 मिनिटांचा ‘संपूर्ण आरत्या’ असा एक व्हिडिओ घ्या. सुखकर्ता, लवथवती, दुर्गे दुर्घट, युगे अठ्ठावीस, मग घालीन लोटांगण आणि शेवटी मंत्रपुष्पांजली. गिरगावातल्या चाळीत गणपतीच्या दिवसांत हा फोनवर लावून ब्लूटूथच्या स्पीकरला जोडलेला असतो. घरातल्या एकाच्या हातात ताट, दुसऱ्याच्या हातात घंटा, पोरांच्या हातात टाळ, फोन कपाटावर. व्हिडिओ 8 मिनिटांपेक्षा मोठा असला की मधे जाहिरात टाकता येते. जागा आपोआप निवडायला सोडल्या तर यंत्र बोलण्या-वाजण्यातला खंड शोधतं. या व्हिडिओतला सर्वांत मोठा खंड कुठे? घालीन लोटांगण संपून ताल थांबतो आणि मंत्रपुष्पांजली सुरू व्हायच्या आधी सगळे मुठीत फुलं-अक्षता घेऊन गप्प उभे असतात, तिथे. यंत्राच्या दृष्टीने हीच जाहिरातीची उत्तम जागा. ‘वगळा’ दाबायला कुणाचाही हात मोकळा नाही, आणि भर शांततेत कर्जाचं अ‍ॅप ओरडतं.

त्याच आरत्या सुट्या सुट्या टाकल्या, प्रत्येकी चारेक मिनिटांच्या, तर मधली जाहिरात येऊच शकत नाही. पण कोणी त्या ओळीने लावल्या की प्रत्येकीच्या सुरुवातीला जाहिरात येण्याचा धोका. सुखकर्ता संपली, जाहिरात, मग लवथवती. म्हणजे सुट्या करूनही प्रश्न मिटत नाही. म्हणून आरत्या, स्तोत्रं, मंत्रजप, ध्यान यांवर जाहिरात बंदच ठेवावी, असं मी म्हटलं आणि पुन्हा म्हणतो.

निरूपण वेगळं. ऐकणारा लोकलमध्ये बसलेला असतो किंवा भाजी निवडत असतो. फोन हाताशी. एक अभंग समजावून झाला, दुसरा सुरू व्हायचा आहे, तिथे हाताने एक जागा ठेवली तर ऐकण्याची लय मोडत नाही. 40 मिनिटांच्या निरूपणाला दोन जागा पुरे. आपोआप जागा निवडण्याचा पर्याय काढून टाकायचा, नाहीतर तो स्वतःहून भर घालतो. हरिपाठ मात्र मी आरतीच्याच बाजूला टाकतो. 27 अभंग एका ओघात म्हणायचे असतात, आणि मधे थांबलेला हरिपाठ परत धरायला वारकऱ्यालाही कष्ट पडतात.

कुठल्या प्रकारच्या जाहिराती नकोत तेही सांगता येतं. जाहिरातीचे पैसे ज्यातून मिळतात त्या यूट्यूबसाठीच्या अ‍ॅडसेन्स खात्यात ‘Blocking controls’ मध्ये संवेदनशील प्रकारांची यादी आहे: झटपट श्रीमंती, डेटिंग, ज्योतिष, वजन कमी करणं वगैरे. भक्तीच्या चॅनलने हे चार तरी बंद करावेत. ज्योतिष का, असं विचाराल. कारण निरूपणाखाली ‘सात दिवसांत वशीकरण’ दिसलं की लोकांना वाटतं बुवांनीच पाठवलंय. ही चाळणी शंभर टक्के नाही. चुकीच्या प्रकारात नोंदलेली जाहिरात निसटते. तशी दिसली तर जाहिरातदाराच्या वेबसाइटचा पत्ता त्याच ठिकाणी टाकून अडवायचा.

‘नाटक’ म्हणालात त्या हिशेबाबद्दल थोडक्यात. आकडे लोकांना वाटतात तितके मोठे नसतात. समजा निरूपणाचे व्हिडिओ महिन्याला 40,000 वेळा पाहिले गेले आणि यूट्यूबचा वाटा वजा जाता हजारी 12 रुपये पडले, तर हाती 480 रुपये. 100 डॉलर जमल्याशिवाय खात्यातून पैसे निघत नाहीत. डॉलर 85 रुपये धरला तरी पहिली रक्कम यायला दीड वर्ष लागेल. एवढ्याशा पैशासाठी ‘सर्व रक्कम अन्नदानाला’ असं लिहून मोकळं होणारी मंडळं मला माहीत आहेत, आणि गडबड तिथेच होते. अ‍ॅडसेन्स खातं कुणा एकाच्या नावावर आणि पॅनवर असतं, उत्पन्न कागदोपत्री त्याचंच ठरतं, कर त्याला लागतो. मग व्हिडिओचं संकलन करणाऱ्या पोराचे पैसेही त्यातूनच दिले जातात, आणि ‘सर्व’ हा शब्द खोटा पडतो. नोंदणीकृत मंडळ असेल तर खातं मंडळाच्या नावाने आणि पॅनने उघडावं. नसेल तर ‘सर्व’ आणि ‘दान’ हे दोन्ही शब्द टाळावेत.

व्हिडिओखाली पहिल्या प्रतिक्रियेत पिन करून ठेवायला मी मंडळांना देतो तो मजकूर असा:

“आरत्या, स्तोत्रं आणि हरिपाठ यांवर आम्ही जाहिरात सुरू केलेली नाही. तरी दिसली तर ती यूट्यूबने किंवा संगीताच्या हक्कदाराने लावलेली असेल. तिचे पैसे आम्हाला मिळत नाहीत. आरतीच्या वेळी अशी जाहिरात दिसली तर खाली कळवा, आम्ही तपासू. निरूपणाच्या व्हिडिओंवर जाहिरात आम्ही सुरू केली आहे. त्यातून आलेली रक्कम ध्वनिमुद्रण आणि वादकांच्या मानधनासाठी वापरतो. किती आली आणि कुठे गेली, ते दर पाडव्याला इथेच लिहू.”

यात ‘सेवा’ हा शब्द नाही, मुद्दामच. आणि ‘आम्ही सुरू केली आहे’ असं कर्तरी लिहिलंय, ‘जाहिराती दिसू शकतात’ असं नाही. लोकांना राग जाहिरातीचा कमी येतो, आपण हात झटकल्याचा जास्त. तुमच्या प्रतिक्रियेतही मला तेच दिसलं, फक्त तुम्ही ते जरा तिरकस मांडलंत.

मूळ लेखातलं ‘फक्त शेवटी जाहिरात’ हे वाक्य आज खोडलंय आणि खाली तारखेसह दुरुस्ती लिहिली आहे.