‘झोपलास का?’ असा मेसेज आला की काय करायचं

मंगळवारी रात्री पावणेअकराला मित्राचा "झोपलास का?" असा मेसेज आला की समजून जायचं, रक्कम पाच आकडी आहे. दोनशे-पाचशे हवे असते तर त्याने सरळ हॉटेलच्या काउंटरवरचा क्यूआर कोड पाठवला असता आणि खाली लिहिलं असतं, मार पटकन. "झोपलास का" मध्ये काळजी असते. त्यानंतर "घरी सगळे बरे ना" येतं, मग "एक काम होतं", आणि मग पाच मिनिटं नुसतं टायपिंग टायपिंग.

आपण त्याला पक्या म्हणू. होस्टेलचा पार्टनर, चार वर्षं एका खोलीत, तुमच्या टायफॉइडमध्ये त्याने मेसमधून पेज आणून दिली होती वगैरे. पक्याला ८० हजार हवेत. नवीन भाड्याच्या फ्लॅटचं डिपॉझिट भरायचंय, शनिवारी चावी मिळणार, जुन्या घरमालकाकडचं डिपॉझिट सुटलं की दोन महिन्यांत परत. तुमच्या खात्यात एक लाख दहा हजार आहेत आणि त्यातले बहुतेक जूनच्या शाळेच्या फीचे आहेत. म्हणजे उत्तर "नाही" आहे, आणि ते तुम्हाला मेसेज वाचून तिसऱ्या सेकंदाला कळलेलं आहे. आता प्रश्न एवढाच, की हे उत्तर पक्यापर्यंत जास्तीत जास्त उशिरा आणि जास्तीत जास्त वाकडंतिकडं कसं पोचवायचं. कारण मैत्री जपायचीय ना!

तर सगळ्यात आधी, काहीही उत्तर देऊ नका. फोन उलटा ठेवा आणि झोपा. निळी टिक दिसली असेल तर दिसू दे, सकाळी म्हणता येईल की झोपेत उघडला गेला. बुधवारी लास्ट सीन बंद करा. फक्त दुपारी होस्टेलच्या ग्रुपवर कोणीतरी जोक टाकला की त्यावर हसणारे तीन चेहरे टाकायची सवय तेवढी आवरा, ती आवरणार नाही म्हणा. संध्याकाळी एकदा उत्तर लिहायला घ्या आणि वीस मिनिटं लिहून खोडा. पलीकडे पक्याला तुमचं टायपिंग दिसतंय. तो बायकोला सांगतोय, "लिहितोय तो, करेल काहीतरी."

या एका वाक्याची किंमत मोठी आहे बरं का. मंगळवारी रात्रीच कळलं असतं तर बुधवारी त्याने ऑफिसात पगारावर ॲडव्हान्स मागितला असता, नाहीतर बायकोच्या बांगड्या घेऊन बँकेत सोनेतारणाला गेला असता, कागद बरोबर असले तर ते काम बरेचदा त्याच दिवशी होतं. किंवा मामाला फोन केला असता. पण तो थांबला, कारण तुम्ही नाही म्हणाला नव्हता. गुरुवारी रात्री नाही म्हणालात की त्याच्या हातात उरतो फक्त शुक्रवार. म्हणजे पैसे तर तुम्ही दिले नाहीतच, वर त्याचे दोन दिवसही घेतलेत. आणि बिनव्याजी.

आता गुरुवार. आता मात्र सविस्तर लिहा. चांगला मित्र म्हणजे सविस्तर कारणं. असं काहीतरी:

"पक्या भावा सॉरी उशीर झाला, अरे काय सांगू सध्या खूप टाइट आहे रे, एफडी आहे पण ती मोडली तर पेनल्टी लागते, गाडीचं पण मोठं काम निघालंय, आणि आमच्याकडे पैशाचं सगळं ही बघते, तिला विचारून सांगतो, पुढच्या महिन्यात बघू काही जमतंय का, वाईट वाटून घेऊ नको, तुझ्यासाठी जीव हाजिर आहे."

वा. आता पक्या हे कसं वाचतो बघा. तो तुमची कारणं नकार म्हणून वाचत नाही, अडचणी म्हणून वाचतो, आणि पक्या इंजिनिअर आहे, त्याला अडचणी सोडवायला आवडतं. एफडी मोडायची नाही? "अरे मोडू नकोच, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट मिळतो, जे एक-दोन टक्के जास्त व्याज लागेल ते मी भरतो." हे बरोबर आहे, बहुतेक बँका देतात, आणि तुम्हाला माहीत नव्हतं त्यामुळे तुमच्याकडे उत्तर नाही. गाडीचं काम? "माझा मेकॅनिक आहे, निम्म्यात करून देतो." बायकोला विचारायचंय? तो स्वतःच वहिनींना फोन लावतो. वहिनी बिचाऱ्या भाजी फोडणीला टाकतायत, त्यांना यातलं ओ की ठो माहीत नाही, त्या म्हणतात, "हो का भावोजी, हे काही बोललेच नाहीत." झालं. एका मेसेजात तुम्ही दोन ठिकाणी खोटे पडलात, त्यातलं एक ठिकाण घरातच आहे.

पण या मेसेजातला खरा हिरा म्हणजे "सध्या". छोटा शब्द आहे पण कामाचा. "सध्या जमत नाही" हे तुमच्या तोंडून निघताना नकार असतो आणि पक्याच्या कानात जाईपर्यंत तारीख होतो. त्यात "पुढच्या महिन्यात बघू" जोडलंत की त्याने डोक्यात १ तारखेला तुमचा पगार आणि स्वतःचे ८० हजार एका ओळीत लिहून टाकले. एक तारखेला परत "झोपलास का?" येणार. तेव्हा परत सगळं पहिल्यापासून, फक्त यावेळी त्याच्या लेखी तुम्ही दिलेला शब्द फिरवताय.

खोट्या कारणाचा मेंटेनन्सही लक्षात घ्या, लोक घेत नाहीत. "खूप टाइट आहे" म्हटल्यावर किमान तीन महिने टाइट राहावं लागतं. मे महिन्यात कोकणात गेलात तर फोटो टाकायचे नाहीत, साल्याने टॅग केलं तर साल्याशी भांडायचं, नवीन फ्रिज आला तर शेजाऱ्यांना सांगायचं, माहेरून दिला. आणि पक्या घरी आला की फ्रिजसमोर उभं राहून बोलायचं. खरं कारण सांगितलं असतं तर यातलं काही करावं लागलं नसतं, पण मग मजा काय.

एवढं करूनही पक्या नाराज वाटत असेल तर जुना जालीम उपाय आहे. म्हणायचं, "पैसे नाहीत रे माझ्याकडे, पण पतसंस्थेतून काढ ना, मी जामीन राहतो!" हे बोलताना छाती किती हलकी होते बघा. एक रुपया द्यावा लागला नाही आणि दिलदारही ठरलो. फॉर्मवर जिथे जिथे पेन्सिलीने फुली मारलीय तिथे सह्या करून यायचं, वाचायचं काही नाही, वाचणं म्हणजे मित्रावर अविश्वास.

आता हा आपला करार कायदा १८७२ सालचा आहे आणि त्यात एक साधी गोष्ट लिहिलीय, की करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर कर्ज घेणाऱ्याची जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदाराची. लोकांना वाटतं की आधी पक्याच्या मागे लागतील, त्याचं सगळं संपलं की मग आपल्याकडे बघतील. तसं काही नाही. हप्ते थकले की वसुलीवाला थेट तुमच्याकडे येऊ शकतो, आणि येतोच, कारण तुमचा पगार नियमित आहे आणि ऑफिसचा पत्ता तुम्हीच फॉर्मवर सुवाच्य अक्षरात लिहिलाय. शिवाय तुम्ही उद्या घरासाठी कर्ज काढायला गेलात की बँक विचारू शकते, हे कुठलं जामीनपण आहे तुमच्यावर? तर थोडक्यात, जे ८० हजार एकदा द्यायला नको होते ते आता व्याजासकट दोन-तीन वर्षं डोक्यावर घेतलेत, आणि का, तर नाही म्हणायला लाज वाटली म्हणून. आपल्याकडे म्हणतातच, भीड भिकेची बहीण. तुम्ही तर तिला घरी राहायलाच आणलंत.

(क्रेडिट कार्ड "फक्त एका स्वाइपसाठी" देणं हाही याचाच धाकटा भाऊ. पक्या डिपॉझिटऐवजी वॉशिंग मशीन घेतो, बिल तुमच्या नावाने येतं, एक हप्ता चुकतो, आणि स्कोअर पडतो तो तुमचा.)

उपदेश राहिलाच की. नाही म्हटल्यावर दोन ओळी आर्थिक शिस्तीवर लिहायच्या, "तू एक इमर्जन्सी फंड बनव रे". माणूस बुडत असताना त्याला पोहण्याच्या क्लासची फी सांगण्यात एक वेगळंच समाधान आहे.

आता काही लोक असतात अरसिक, ते हे सगळं सोडून तिथल्या तिथे मंगळवारी रात्रीच उत्तर देतात. माझ्या ओळखीत एकजण आहे. त्याने असाच लांबलचक मेसेज लिहिला होता, मग कारणं खोडली, सध्या खोडलं, बायकोला बाहेर काढलं, जीव हाजिर आहे पण खोडलं कारण पैसे मागितलेत जीव नाही, आणि शेवटी हे राहिलं:

"पक्या, ८० हजार मला देता येणार नाहीत. आत्ताच सांगतोय म्हणजे उद्यापासून तुला दुसरीकडे बघता येईल. एजंटचा नंबर दे, डिपॉझिट दोन टप्प्यांत घेतात का मी बोलून बघतो. आणि शनिवारी सामान चढवायला येतो."

बघा कसं रुक्ष आहे. पहिल्या ओळीतच नाही, त्यामुळे खाली वाचत जाताना आशा लावण्याची काही सोयच नाही. कारण दिलेलं नाही, म्हणजे पक्याला सोडवायला काही नाही. त्याने विचारलंच "का रे" तर "जूनची फी आहे त्यात, ते पैसे हलवायचे नाहीत असं ठरवलंय" एवढं खरं सांगता येतं, आणि "ठरवलंय" वर ओव्हरड्राफ्ट मिळत नाही. शिवाय ज्या दोन गोष्टी करतो म्हटल्यात त्या खरंच करता येण्यासारख्या आहेत. एजंट बऱ्याचदा तयार होतात, घर रिकामं पडून राहण्यापेक्षा अर्धे आत्ता आणि अर्धे महिन्याने मालकालाही परवडतात. पण मालक नाही म्हणाला तर नाही, त्याची गॅरंटी त्याने दिलेली नाही. "काही लागलं तर सांग" असं लिहिलं असतं तर किती सोपं होतं, ते कोणी सांगत नाही आणि आपल्याला काही करावं लागत नाही.

यानंतर तो अजून एक बावळटपणा करतो. पैसे नाकारल्यावर आपण आठवडाभर तरी तोंड लपवायला पाहिजे की नाही, मागणाऱ्यालाही ओशाळं वाटत असतं, तोही फोन करत नाही, असे दोघंही लाजत राहिले की वर्षभरात मैत्री आपोआप दिवाळीच्या फॉरवर्डवर येते. याने काय केलं, बुधवारी दुपारीच फोन लावला आणि मॅचबद्दल बोलत बसला. पैशाचा विषय नाही, सॉरी नाही, काही नाही.

आणि रात्रीच्या मेसेजला पक्याचं उत्तर काय आलं होतं माहितीये? ना अश्रू, ना टोमणा, ना ग्रुपमधून लेफ्ट. नुसतं, "ओके रे. मामाला विचारतो. शनिवारी आठला ये, आणि चिकटपट्टी आण, मागच्या वेळी विसरला होतास."