प्रतिक्रियेला उत्तर : टेलर नियम आणि मे २०२२ चा रेपो दर

«आपल्या लेखातल्या सूत्रात एप्रिल २०२२ ची ७.७९ टक्के महागाई घातली तर दर दहा टक्क्यांच्या वर येतो. रिझर्व्ह बँकेने ४ मे रोजी तो केवळ ४.४० टक्के केला. म्हणजे एकतर सूत्र निरुपयोगी आहे, नाहीतर बँक झोपली होती. यातले काय खरे, ते स्पष्ट लिहावे.»

आपला हिशेब बरोबर आहे. महागाई पाहून मध्यवर्ती बँकेने आपला धोरण दर, म्हणजे आपल्याकडे रेपो दर, किती ठेवावा हे सांगणारे टेलर नियमाचे सूत्र लेखात मी असे दिले होते : धोरण दर = तटस्थ वास्तव दर + महागाई + ०.५ × (महागाई − ४) + ०.५ × उत्पादन तफावत. अर्थतज्ज्ञ जॉन टेलर यांनी १९९३ मध्ये अमेरिकेसाठी मांडलेल्या नियमात महागाईचे लक्ष्य २ टक्के होते. मी तिथे आपले ४ टक्के घातले. तटस्थ वास्तव दर म्हणजे महागाई वजा केल्यावर उरणारा, मागणीला ना चालना ना लगाम देणारा दर; उत्पादन तफावत म्हणजे अर्थव्यवस्थेचे प्रत्यक्ष उत्पादन तिच्या संभाव्य उत्पादनाहून किती टक्के कमी-जास्त आहे ते. तटस्थ दर १ आणि उत्पादन तफावत उणे १ ही मात्र माझी गृहीतके आहेत. त्यांवर आपल्या आकड्याने १०.२ टक्के येतात. पण तो आकडा त्या दिवशी कोणाकडेच नव्हता. एप्रिलची महागाई १२ मे रोजी जाहीर झाली. ४ तारखेला पतधोरण समितीपुढे मार्चचे ६.९५ टक्के होते. ते घातले की उत्तर ८.९ वर येते. लेखात मी स्वतः तारखांची ही शिस्त पाळली नव्हती, ही चूक मान्य करतो.

याहून मोठा फरक पडतो तो महागाई कोणत्या काळातली घ्यावी, यावरून. रेपो दर आज वाढवला तरी तो कर्जाच्या हप्त्यांतून मागणीपर्यंत आणि मागणीतून किमतींपर्यंत पोहोचायला काही तिमाह्या जातात, आणि खाद्यतेल किंवा टोमॅटो आज महाग झाले तर व्याजदर त्याचे तातडीने काही करू शकत नाही. म्हणून महागाईचे लक्ष्य ठेवून काम करणाऱ्या मध्यवर्ती बँका पुढच्या महागाईच्या अंदाजाकडे पाहतात. एप्रिल २०२२ च्या बैठकीत रिझर्व्ह बँकेने जानेवारी ते मार्च २०२३ या तिमाहीसाठी ५.१ टक्क्यांचा अंदाज दिला होता. तो घातला तर १ + ५.१ + ०.५५ − ०.५, म्हणजे सुमारे ६.१५ टक्के. तेच सूत्र, तोच दिवस, आणि उत्तरांत पावणेतीन टक्क्यांचे अंतर.

आता आपल्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. जूनमध्ये तोच अंदाज ५.८ वर नेला गेला (म्हणजे सूत्राने ७.२), आणि प्रत्यक्षात त्या तिमाहीत सरासरी महागाई ६.२ टक्क्यांच्या आसपास राहिली. अंदाज बँकेचाच असल्यामुळे आशावादी अंदाज सैल धोरणाला सहज पाठबळ देतो, आणि हे त्या वेळी बाहेरून ओळखणे कठीण असते. अंदाज दर बैठकीला एकाच दिशेने सुधारला जात असेल तर संशय घ्यावा. तरीही सर्वांत मवाळ उत्तर ६.१५ होते आणि ४ मेच्या सकाळपर्यंत रेपो दर ४ टक्के होता. उशीर झाला, हे महागाईचा यांपैकी कोणताही आकडा घेतला तरी दिसते. «झोप» मात्र म्हणणार नाही, कारण एप्रिलमध्येच बँकांचा जादा पैसा रिझर्व्ह बँकेकडे ठेवून घेणारी स्थायी ठेव सुविधा ३.७५ टक्क्यांवर आणून, बाजारातला अल्पमुदतीचा दर ज्या पट्ट्यात राहतो त्या दरपट्ट्याचा तळ ३.३५ वरून ४० बेसिस पॉइंटने उचलला गेला होता. बँकांकडे पैसा मुबलक असताना एका रात्रीच्या कर्जाचा दर तळालगतच राहतो, त्यामुळे रेपो न हलवताही बाजारातला दर वर गेला.

उत्पादन तफावतीबद्दल आपण काही विचारलेले नाही, पण सूत्राचा खरा कच्चा दुवा तोच आहे. संभाव्य उत्पादन कोणी मोजत नाही, ते अनुमानाने काढतात. कोविडपूर्व वाढीची रेषा तशीच पुढे ओढली तर २०२२ मधली तफावत उणे ६ सुद्धा धरता येईल, आणि मग मार्चच्या महागाईनेही उत्तर ८.९ ऐवजी ६.४ येते. कोविडने ती रेषाच खाली सरकवली असे मानले तर तफावत शून्याजवळ जाते आणि उत्तर नऊच्या वर. अमेरिकेत १९७० च्या दशकात अशीच फसगत झाली : अर्थव्यवस्थेत भरपूर वाव शिल्लक आहे असे तेव्हाचे आकडे सांगत होते, पुढे सुधारित आकड्यांत तो वाव बराच आटला. अर्थतज्ज्ञ अथनासियोस ऑर्फनिडीस यांनी निर्णयाच्या दिवशी उपलब्ध असलेलेच आकडे वापरून हे दाखवले.

म्हणून सूत्रातून नेमका दर काढण्यापेक्षा त्यातल्या महागाईच्या एकूण १.५ या गुणकाकडे पाहावे. महागाई एका टक्क्याने वाढली आणि दर त्याहून कमी वाढला, तर वास्तव व्याजदर उलट घटतो आणि मागणीला खतपाणी मिळते. ४ मेपासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो ४ वरून ६.५० वर गेला, म्हणजे अडीच टक्के. ही वाढ अंदाजित महागाईच्या तुलनेत पुरेशी होती का, हा प्रश्न मला आपल्या दोन पर्यायांपेक्षा अधिक उपयोगी वाटतो. जूनच्या ५.८ च्या अंदाजाशी ताडले तर ६.५० वर वास्तव दर ०.७ टक्के येतो, म्हणजे माझ्या १ टक्क्याच्या तटस्थ दराच्याही थोडा खालीच.