अत्तराचा डाग: लिंबू-सोड्याने काय होतं आणि काय होत नाही

"कपड्यावर किंवा सोफ्यावर अत्तर, परफ्यूम सांडलं? लगेच लिंबू पिळा, वर खायचा सोडा टाका. फेस आला की डाग सुटला समजा. मग कडक उन्हात वाळवा, वासही जाईल. कोणत्याही कापडाला चालतं!"

या सल्ल्यातलं आधी फेसाचं बघू. लिंबाचं आम्ल आणि सोडा एकमेकांना मारतात, त्यातून निघणारा वायू म्हणजे तो फेस. मागे उरतं जवळजवळ नुसतं खारट पाणी. डाग मात्र तेलाचा असतो. परफ्यूममधलं अल्कोहोल उडून जातं, सुगंधी तेलं धाग्यात राहतात. पारंपरिक अत्तरात तर अल्कोहोल नसतंच. खारट पाण्याने तेल कसं निघणार?

'कोणत्याही कापडाला' हे सगळ्यात महागात पडणारं वाक्य. पुण्यात लग्नाचा हंगाम म्हणजे दारात अत्तर आणि अंगावर रेशमी साड्या. समजा, पदरावर अत्तराचा थेंब पडला. लिंबाने काही रंग फिके पडतात, सोडा रेशमाला मानवत नाही आणि पाण्याचा गोल वळ उमटतो तो वेगळाच. त्याऐवजी न घासता टिश्यूने टिपून घ्या. डागाखाली पांढरं सुती फडकं ठेवा, वरून टाल्कम पावडरचा जाड थर द्या आणि रात्रभर राहू द्या. सकाळी मऊ ब्रशने झटका. पावडरच्या गुठळ्या झाल्या असतील तर तेल अजून निघतंय, पुन्हा थर द्या. पावडर कोरडीच राहू लागली की साडी उजेडासमोर धरा. पारदर्शक ठिपका दिसला तर ड्रायक्लीनला द्या आणि डाग अत्तराचा आहे हे सांगून द्या. तोवर इस्त्री नको. उष्णतेने तेल आणखी पक्कं बसतं.

सुती कुर्त्याचं काम सोपं आहे. कोरड्या डागावर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब चोळा, दहा मिनिटांनी कोमट पाण्याने धुवा. आधी आतल्या शिवणीवर लावून पांढऱ्या फडक्याने टिपा; फडक्याला रंग लागला तर तिथेच थांबा.

उन्हाबद्दल थोडक्यात: रेशीम उन्हात पिवळं पडतं, कमकुवत होतं. वास घालवते ती वाहती हवा, म्हणून सावलीत, पंख्याखाली टांगा. पावसाळ्यातल्या दमट पुण्यात याला दिवसही लागतात, पण ओलसर कपाटात कोंबलेल्या साडीचा वास त्याहून जास्त टिकतो.

सोफ्याची गोष्ट निराळी. वर ओतलेलं पाणी सुगंध फोममध्ये आणखी खोल नेतं. गादीखालच्या लेबलवर W असेल तर सौम्य साबणाच्या फेसाने, फडकं पिळून, कडेकडून मध्याकडे टिपा. S असेल तर पाणी नाही, फक्त सॉल्व्हंटचं क्लीनर. X असेल तर व्हॅक्यूमच. सोडा इथे कोरडाच, तासभर ठेवून ओढून घ्या. वास थोडा कमी होईल, फोममध्ये मुरलेला जाणार नाही. त्यासाठी चेन असलेली खोळ काढून फोम गॅलरीत सावलीत उभा ठेवावा लागतो.